ताऱ्यांचा त्रिकोण वहीतल्या टेबलात बरोबर येतो, मशीनवर मात्र प्रत्येक ओळीत एकच तारा

निळाई

नमस्कार. मी बीसीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. सी मध्ये नेस्टेड लूप चालू आहेत. for न वापरता while ने ताऱ्यांचा त्रिकोण छापायचा आणि त्याचं ड्राय रनचं टेबल जर्नलमध्ये काढायचं, असं प्रॅक्टिकल आहे. पहिल्या ओळीत एक तारा, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन. जर्नलमध्ये ओळींना क्रमांक द्यावे लागतात, म्हणून इथेही दिलेत.

```c
int i = 1, j = 1, n = 3;   /* 1 */
while (i <= n) {           /* 2 */
    while (j <= i) {       /* 3 */
        printf("*");       /* 4 */
        j++;               /* 5 */
    }
    printf("\n");          /* 6 */
    i++;                   /* 7 */
}
```

रन केल्यावर हे येतं:

```
*
*
*
```

कंपायलर एकही एरर देत नाही. मी टेबल दोनदा काढलं, दोन्ही वेळा त्यात १, २, ३ असेच तारे आले. मग टेबल चुकलंय की प्रोग्राम? मॅडम टेबल आणि आउटपुट शेजारी शेजारी ठेवून बघतात.

---

चकवा

टेबल बरोबर आहे तुझं. नेस्टेड लूप घड्याळासारखं चालतं. तासकाटा एक घर पुढे गेला की मिनिटकाटा पुन्हा पहिल्यापासून फिरतो. तसंच i वाढला की आतलं लूप पुन्हा १ पासून सुरू होतं. त्यामुळे लॉजिक ठीकच आहे. बहुतेक `printf("\n")` चुकून आतल्या कंसात गेलंय, म्हणून प्रत्येक ताऱ्यानंतर ओळ तुटतेय. कंस नीट बघ.

---

निळाई

कंस बघितले दादा, `\n` बाहेरच आहे. शिवाय ते आत असतं तर एकूण सहा तारे सहा ओळींत आले असते ना? मला तीनच तारे मिळतायत.

---

गोदाकाठ

निळाई, तुमचा हा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर आहे. सहाऐवजी तीनच तारे छापले गेले, म्हणजे आतलं लूप मुळात कमी वेळा फिरतंय. ओळ तुटण्याशी त्याचा संबंध नाही.

तुमचं टेबल इथे टाका. सगळं नको, i ची किंमत २ झाली तिथपासूनच्या चार-पाच ओळी पुरेत.

---

निळाई

हे घ्या. माझ्या टेबलात चारच रकाने आहेत.

| i | j | j <= i | आउटपुट |
|---|---|---|---|
| २ | १ | ट्रू | * |
| २ | २ | ट्रू | * |
| २ | ३ | फॉल्स | नवी ओळ |
| ३ | १ | ट्रू | * |

---

गोदाकाठ

आता पहिल्याच ओळीकडे बघा. i आहे २ आणि j आहे १. हा १ तिथे कुठून आला? तुमच्या प्रोग्राममधल्या नेमक्या कुठल्या ओळीने j मध्ये १ टाकला?

j मध्ये किंमत टाकणाऱ्या ओळी दोनच आहेत. ओळ १, आणि ती सुरुवातीला एकदाच चालते. ओळ ५, आणि ती j फक्त वाढवते. i ची किंमत २ होते ती ओळ ७ वर, आणि त्या ओळीत j चं नावही नाही. म्हणजे तो १ प्रोग्राममधून आलेला नाही, तुमच्या मनात त्रिकोण होता तिथून आला. असं टेबल भरलं की आपल्याला जे हवं ते त्यात दिसतं, आणि मशीन जे करतं ते निसटतं.

म्हणून मी नेहमी एक रकाना जादा घ्यायला सांगतो: आत्ता कुठली ओळ चालू आहे त्याचा क्रमांक. आणि नियम एकच. ज्या ओळीने किंमत बदलली त्याच ओळीसमोर ती लिहायची. बदल नसेल तर रकाना रिकामा. व्हेरिएबलची सध्याची किंमत हवी असेल तर त्याच्या रकान्यात वर वर जायचं, जो पहिला आकडा भेटेल तो खरा. आठवणीतून काही लिहायचं नाही.

तुमच्याच प्रोग्रामचं टेबल असं होतं:

| ओळ | i | j | कंडिशन | आउटपुट |
|---|---|---|---|---|
| १ | १ | १ | | |
| २ | | | १ <= ३ ट्रू | |
| ३ | | | १ <= १ ट्रू | |
| ४ | | | | * |
| ५ | | २ | | |
| ३ | | | २ <= १ फॉल्स | |
| ६ | | | | नवी ओळ |
| ७ | २ | | | |
| २ | | | २ <= ३ ट्रू | |
| ३ | | | २ <= २ ट्रू | |
| ४ | | | | * |
| ५ | | ३ | | |
| ३ | | | ३ <= २ फॉल्स | |
| ६ | | | | नवी ओळ |
| ७ | ३ | | | |

i ची दुसरी फेरी सुरू झाल्यावर ओळ ३ वर कंडिशन तपासायची आहे. j च्या रकान्यात वर जा. पहिला भेटतो तो २. म्हणून तपासणी २ <= २ अशी होते, एक तारा छापला जातो, j होतो ३ आणि लूप सुटतं. j मागे येतच नाही. तो i च्या एक पाऊल पुढे जाऊन थांबतो, i वाढला की पुन्हा एकच पाऊल टाकतो. म्हणून प्रत्येक ओळीत बरोब्बर एक तारा.

i ची तिसरी फेरी मुद्दाम सोडलीये. ती तुम्ही भरा आणि सगळं संपल्यावर i आणि j काय उरतात ते सांगा.

चकवा, घड्याळात मिनिटकाटा मागे आणावा लागत नाही, तो गोल फिरून स्वतःच बाराशी पोचतो. for लिहिलं की तुमचं म्हणणं लागू पडतं, कारण `for (j = 1; ...)` मधला `j = 1` आतल्या लूपमध्ये शिरताना दर वेळी चालतो. while मध्ये ते काम आपलं आपल्याला लिहावं लागतं.

---

चकवा

हं, for डोक्यात ठेवूनच मी लिहिलं होतं. पण मला अजूनही वाटतं की एवढं तेवीस ओळींचं टेबल परीक्षेत कुणी काढत नाही. i व्या ओळीत i तारे, एवढं सूत्र माहीत असलं की पुरे. उलटा त्रिकोण असेल तर n - i + 1. सूत्र बघायचं आणि आउटपुट लिहायचं.

---

ओसरी

डिप्लोमाच्या मुलांना सी शिकवते, म्हणून मध्ये बोलते. चकवा, तुम्ही म्हणता ते सूत्रही टेबलातूनच येतं, पण ते टेबल वेगळं. ओळ क्रमांक आणि त्या ओळीतले तारे, एवढेच दोन रकाने. ते प्रोग्राम लिहिण्याआधी काढायचं असतं. त्यावरून j ची मर्यादा i ठेवायची की n - i + 1, ते ठरतं. प्रोग्रामने काय करायला हवं एवढंच ते सांगतं.

ड्राय रन लिहून झालेल्या प्रोग्रामचा करायचा असतो. निळाईच्या प्रोग्रामला सूत्र लावलं तर उत्तर १, २, ३ असंच येणार, आणि तिची नेमकी तीच अडचण आहे. परीक्षेत "खालील प्रोग्रामचं आउटपुट लिहा" असा प्रश्न येतो, तेव्हा कोड मुद्दाम एखाद्या जागी बदललेला असतो. सूत्रावर विसंबणारी मुलं तिथेच गुण घालवतात.

n किती घ्यायचा तेही महत्त्वाचं. निळाईच्या प्रोग्राममध्ये n = 1 ठेवलं तर आउटपुट एक तारा, म्हणजे एकदम बरोबर दिसेल. चूक दिसायला बाहेरचं लूप निदान दुसऱ्यांदा फिरायला हवं. मी वर्गात n = 3 घ्यायला लावते. दोनवर चूक दिसते, तिसऱ्या फेरीत ती तशीच पुढे चालते की वाढते ते कळतं. पाच घेतलं तर कागद भरतो आणि नवीन काही हाती लागत नाही.

---

निळाई

तिसरी फेरी भरली. ओळ २ वर ३ <= ३ ट्रू, ओळ ३ वर ३ <= ३ ट्रू, तारा, j झाला ४, ओळ ३ वर ४ <= ३ फॉल्स, नवी ओळ, i झाला ४, ओळ २ वर ४ <= ३ फॉल्स. संपलं. शेवटी i = ४, j = ४.

मग `j = 1;` टाकायला हवं हे समजलं आणि मी ते टाकलंही. पण आता पहिल्या ओळीत एक तारा येतो आणि दुसऱ्या ओळीत तारे थांबतच नाहीत! Ctrl+C दाबून बंद करावं लागलं.

```c
while (j <= i) {
    j = 1;
    printf("*");
    j++;
}
```

---

गोदाकाठ

छान, कारण टेबलाचा खरा उपयोग इथे दिसतो. `j = 1` आतल्या while च्या पोटात गेलंय. ते त्याच्या वर हवं होतं. पण आधी हा प्रोग्राम न थांबण्याचं कारण कागदावर बघू.

i = १ असताना सगळं ठीक चालतं. १ <= १ ट्रू, j पुन्हा १, तारा, j झाला २, २ <= १ फॉल्स. बाहेर. म्हणून पहिली ओळ बरोबर आली. आता i झाला २ आणि j आहे २:

| i | j | काय घडलं |
|---|---|---|
| २ | २ | २ <= २ ट्रू, आत शिरला |
| २ | १ | j = 1 चाललं |
| २ | १ | तारा |
| २ | २ | j++ चाललं |
| २ | २ | २ <= २ ट्रू, आत शिरला |

पहिली आणि शेवटची ओळ सारखीच आहे. तीच कंडिशन, तोच i, तोच j. या प्रोग्राममध्ये पुढे काय होणार हे i, j आणि n यांच्यावरच ठरतं, बाहेरून कुठलं इनपुट येत नाही. त्यामुळे तिन्ही जसेच्या तसे असताना प्रोग्राम त्याच ठिकाणी परत आला, तर मागच्या वेळी जे केलं तेच तो पुन्हा करणार आणि पुन्हा इथेच येणार. टेबल यापुढे भरायची गरज नाही. लूप अनंत आहे हे पाच ओळींत सिद्ध झालं.

प्रत्येक न थांबणारं लूप असं सापडत नाही हेही सांगतो. j++ च्या जागी चुकून j-- लिहिलं तर j ची किंमत दर फेरीला वेगळी येते, १, ०, -१ अशी. तिथे ओळ जशीच्या तशी परत दिसणार नाही, पण j दर फेरीला i पासून लांब चाललाय हे रकान्यात उघड दिसतं. अशा वेळी किंमत कुठल्या दिशेने सरकतेय ते बघायचं.

आता दुरुस्ती. `j = 1;` ओळ २ आणि ओळ ३ च्या मध्ये. म्हणजे i च्या प्रत्येक फेरीत एकदाच, आतलं लूप सुरू होण्याआधी.

---

प्राजक्त

अरे, मलाही नेमकं हेच आउटपुट येतंय, तीन ओळी आणि प्रत्येकीत एक तारा! पण मी for वापरलंय आणि `j = 1` जागच्या जागी आहे. मग माझं काय चुकतंय? वरची दुरुस्ती केली तरी फरक नाही.

```c
for (i = 1; i <= 3; i++) {
    for (j = 1; j <= i; j++);
        printf("*");
    printf("\n");
}
```

---

गोदाकाठ

प्राजक्त, आतल्या for च्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन आहे. त्यामुळे लूपचं पोट तिथेच संपलं, लूप रिकामंच फिरतं. printf आत सरकवून लिहिलंय, पण सी मोकळ्या जागेकडे बघत नाही. ते लूपच्या बाहेर आहे आणि i च्या प्रत्येक फेरीत एकदाच चालतं.

निळाईचं आणि तुमचं आउटपुट अक्षर न् अक्षर सारखं आहे, कारणं मात्र वेगळी. नुसतं आउटपुट बघून ती ओळखता येणार नाहीत. टेबलात बघा, तारा छापला त्या क्षणी j किती होता? निळाईच्या मूळ प्रोग्राममध्ये तीन ताऱ्यांच्या वेळी j होता १, २, ३. तुमच्याकडे लूप आधीच संपलेलं असतं, म्हणून j असतो २, ३, ४.

मशीनवर पडताळायचं असेल तर ताऱ्याच्या जागी j छापा:

```c
printf("%d", j);
```

निळाईच्या पहिल्या प्रोग्राममध्ये 1, 2, 3 दिसेल आणि तुमच्यात 2, 3, 4. बरोबर प्रोग्राममध्ये 1, मग 12, मग 123. तारे सगळे एकसारखे असतात, म्हणून ते काहीच बोलत नाहीत. आकडा छापला की टेबलातला j चा रकाना स्क्रीनवर येतो.

---

प्राजक्त

सेमीकोलन काढलं, त्रिकोण आला. 2, 3, 4 पण बघून घेतलं आधी. खूप आभार.

---

रानवाट

माझी शंका जरा वेगळी आहे, इथे विचारली तर चालेल ना? मुलगा अकरावीत आहे, त्यांना पायथॉन आहे. मी वरच्यासारखंच टेबल काढून त्याला सांगितलं की शेवटी i आणि j दोन्ही ४ उरतात. त्याने छापून दाखवलं तर 3 3 आलं. मग तुमचं टेबल चुकीचं आहे का?

```python
for i in range(1, 4):
    for j in range(1, i + 1):
        print("*", end="")
    print()
print(i, j)
```

---

ओसरी

मुलाचं बरोबर आहे आणि वरचं टेबलही बरोबर आहे. सी मध्ये j आधी वाढतो, मग तपासला जातो. ४ झाल्याशिवाय ४ <= ३ फॉल्स होणारच नाही, म्हणून लूप सुटताना ४ हातात उरतो.

पायथॉनच्या for मध्ये अशी तपासणी नसतेच. `range(1, 4)` मधून १, २, ३ अशा किंमती एकेक करून मिळतात. पुढची किंमत उरली नाही की लूप थांबतं आणि i ला कुणी हात लावत नाही, तो शेवटच्या किंमतीवरच राहतो. त्याच्या टेबलात कंडिशनच्या रकान्याऐवजी "पुढची किंमत मिळाली का" असा रकाना करा. मिळाली तर लिहा, संपली तर नुसती रेघ मारा. सी चं टेबल त्याला जसंच्या तसं देऊ नका. मात्र पायथॉनमध्ये while ने लिहिलं तर निळाईसारखंच टेबल येईल, आणि शेवटी ४ च उरेल.

---

रानवाट

अच्छा, म्हणजे भाषेपेक्षा लूपचा प्रकार बघायचा. आज संध्याकाळी त्याच्याबरोबर पुन्हा बसते.

---

ओसरी

गोदाकाठ, एका गोष्टीत मात्र तुमच्याशी माझं जुळत नाही. बदल नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, हे तुम्हा-आम्हाला सोपं आहे. माझी मुलं वर वर बघताना ओळ चुकतात, j च्या ऐवजी शेजारच्या i चा आकडा उचलतात. मी त्यांना प्रत्येक ओळीत सगळ्या किंमती पुन्हा लिहायला लावते आणि बदललेल्या आकड्याला गोल करायला सांगते. लिहिणं वाढतं, पण सध्याची स्थिती एका ओळीत समोर असते. तुम्ही स्वतः अनंत लूपचं टेबल काढताना तसंच केलंत, आणि म्हणूनच तिथे दोन सारख्या ओळी दिसल्या.

---

गोदाकाठ

खरं आहे, तिथे पूर्ण किंमती लिहिल्याशिवाय पुनरावृत्ती दिसली नसती. पण पुन्हा पुन्हा लिहायला लावलं की हात आपोआप चालतो, आणि निळाईचा तो आगंतुक १ अशाच वेळी शिरतो. कुणी गोल करायला विसरला तर तो आकडा खरा बदललाय की नुसता उतरवलाय ते कळत नाही. रिकाम्या रकान्यात आकडा लिहायचा म्हटलं की त्याला कारण द्यावं लागतं. मी तरी नवशिक्यांना रिकाम्या रकान्यांनीच सुरुवात करायला सांगेन.

---

चकवा

ओळ क्रमांकाचा रकाना ठेवला तर दोन्ही पद्धती चालतील असं वाटतं. मी काल रात्री रिकामे रकाने ठेवून उलट्या त्रिकोणाचं टेबल काढलं. for मध्ये `j = n; j >= i; j--` असं घेतलं. n = 3 ला तारे ३, २, १ असे बरोबर आले. शेवटी i = ४ आला, पण j आला २. दोन्ही ४ येतील असं धरून बसलो होतो.

---

गोदाकाठ

२ च बरोबर. शेवटच्या फेरीत i = ३, j तीनापासून सुरू, एक तारा, मग j झाला २ आणि २ >= ३ फॉल्स. आता n = 0 ठेवून बघा, शेवटी j काय येतो ते सांगा.

---

निळाई

मी सांगू? n = 0 असेल तर १ <= ० लगेच फॉल्स होतं, म्हणून आतलं लूप सुरूच होत नाही. चकवा दादांच्या for मध्ये `j = n` चालतच नाही, म्हणजे j ला कुठल्याच ओळीने किंमत दिली नाही. माझ्या टेबलात j चा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा राहिलाय. तिथे काय लिहायचं?

---

गोदाकाठ

काहीच लिहायचं नाही. main मधल्या अशा व्हेरिएबलमध्ये सुरुवातीला काय असेल याची सी कुठलीच हमी देत नाही. एका मशीनवर शून्य दिसेल, दुसऱ्यावर भलताच आकडा. रकाना रिकामा असताना तो j छापणं हीच चूक. मूळ प्रोग्राममध्ये तुम्ही ओळ १ वर `j = 1` दिलं होतं, म्हणून तिथे ही वेळ आली नसती.

---

ओसरी

रिकाम्या रकान्याचा हा फायदा मान्य. माझ्या पद्धतीत मुलांनी तिथे नक्की शून्य लिहिलं असतं. तरी तिसरा व्हेरिएबल आला की रिकामे रकाने वाचणं जड जातं, त्यावर मी अजून ठाम आहे. पिरॅमिडमध्ये मोकळ्या जागांसाठी k येतो, तिथे कुणी दोन्ही पद्धतींनी टेबल काढून इथे टाकेल का?